अरबीचे तीन वर्ग आणि प्रवेशाची चाचणी : कोणाला कुठे बसवायचं?

उंबरठा

आम्ही चौघं मिळून प्रौढांसाठी अरबीचे वर्ग चालवतो. प्रारंभिक, मध्यम, प्रगत असे तीन. आजवर प्रवेश देताना फॉर्मवर एक प्रश्न असायचा, "अरबी किती येतं?" आणि पुढे तीन चौकटी : अजिबात नाही, थोडंफार, चांगलं. टिक केली की वर्ग ठरला.

मागच्या तुकडीत याचा पार फज्जा उडाला. मध्यम वर्गात एक गृहस्थ होते, धडा खडाखड वाचायचे, उच्चार माझ्यापेक्षा चांगले. अर्थ विचारला की गप्प. त्यांच्या शेजारच्या बाई आठ वर्षं आखातात राहून आलेल्या, माझ्याशी अरबीत गप्पा मारायच्या, पण दारावरची पाटी वाचता यायची नाही. तिसऱ्या एकीने विद्यापीठात दोन वर्षं व्याकरण केलेलं, क्रियापदांची रूपं तोंडपाठ. "काल काय केलंत?" विचारलं की मिनिटभर छताकडे बघायची. तिघांनीही 'थोडंफार'वर टिक केली होती आणि तिघंही खरंच बोलत होते.

आता ३५ नावं आली आहेत. मी ५० बहुपर्यायी प्रश्नांची प्लेसमेंट चाचणी करतेय. १७ पर्यंत प्रारंभिक, १८ ते ३४ मध्यम, त्यावर प्रगत. हे बरोबर आहे का? प्रश्न कसे असावेत? अनुभवी मंडळींनी लिहा.

रिकामटेकडा

मला 'शुक्रन' आणि 'हबीबी' येतं. प्रगत वर्गात खिडकीजवळची जागा ठेवा.

सरळरेघ

५० बहुपर्यायी प्रश्न हेच उत्तम. बाकी कशाच्या फंदात पडू नका. तपासायला सोपं, वशिल्याला वाव नाही, कोणी भांडायला आलं तर कागद दाखवता येतो. तुमच्या पुस्तकाच्या प्रत्येक भागातल्या शेवटच्या चार धड्यांवर प्रश्न काढा. मी बरीच वर्षं परीक्षांच्या कामात काढली आहेत, तोंडी परीक्षेत फक्त गोडबोले पुढे जातात.

फुलपात्र

अरबी येणाऱ्यांना प्लेसमेंट कुठे मिळते यावरही लिहा ना. माझ्या भाच्याला अनुवादाच्या कामात जायचंय.

उंबरठा

@फुलपात्र, ती प्लेसमेंट नव्हे हो, ही वर्गात बसवायची. नोकरीचा वेगळा धागा काढा, मीही वाचेन.

@सरळरेघ, पण माझ्या त्या तिघांना अशा पेपरात किती मार्क पडले असते?

टिपूर

हे काम मी बरीच वर्षं केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकड्यांचं. चार पर्याय असतील तर डोळे मिटून टिक करणाऱ्यालाही ५० पैकी सरासरी १२-१३ मिळतात. तुमची मध्यमची रेघ १८ वर आहे. म्हणजे अलिफसुद्धा न ओळखणारे वीस जण बसवले तर त्यातला एखादा नुसत्या नशिबावर मध्यम वर्गात जाईल. हे सुधारता येतं. 'माहीत नाही' असा पाचवा पर्याय द्या आणि तो निवडण्यात कमीपणा नाही, ही स्पर्धा नाही, असं आधी सांगा. प्रौढ माणसं ऐकतात.

खरी अडचण बेरजेची आहे. तुमचे ते तिघं या पेपरात साधारण सारख्याच गुणांवर येतील. एकाला वाचनाचे मिळतील, दुसरीला शब्दांचे, तिसरीला व्याकरणाचे. बेरीज केली की तिघं पुन्हा एकाच बाकावर. अरबीत हे जास्त होतं, कारण लिपी, लिहायची भाषा आणि बोलायची भाषा या तीन गोष्टी लोक वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वयात शिकून येतात. म्हणून मी गुण मिळवतच नाही. एकामागून एक दारं ठेवतो. पहिल्या दारात अडकला तो तिथेच थांबतो.

पहिलं दार म्हणजे दोन कार्डं. प्रत्येकावर तीन शब्दांचं एक वाक्य, जेर-जबर म्हणजे स्वरांच्या खुणा काही नाहीत. दोन्ही कार्डांवर पहिले दोन शब्द हुबेहूब सारखे : काफ-ता-बा, आणि मग अत्-तालिब. तिसरा शब्द एकावर रिसाला, दुसऱ्यावर जदीदा.

पहिलं वाचायचं 'कतबत् तालिबु रिसाला', विद्यार्थ्याने पत्र लिहिलं. दुसरं वाचायचं 'कुतुबुत् तालिबि जदीदा', विद्यार्थ्याची पुस्तकं नवी आहेत. काफ-ता-बा ही तीच तीन अक्षरं एकदा क्रियापद आहेत, एकदा अनेकवचनी नाम. कोणतं ते तिसऱ्या शब्दापर्यंत गेल्याशिवाय कळत नाही. म्हणजे अर्थ लागल्याशिवाय मोठ्याने वाचताच येत नाही. रोमन किंवा देवनागरीत अशी गंमत सहसा करता येत नाही, तिथे वाचून दाखवणं आणि समजणं वेगवेगळं राहू शकतं.

समोरचा वाचत असताना मी इतकंच बघतो :

अक्षरं जुळवता येत नाहीत. चाचणी संपली, प्रारंभिक, चहा घ्या.

अक्षरं जुळतात, पण "याच्या वरच्या-खालच्या खुणा कुठायत?" असं विचारतो, किंवा दोन्ही कार्डं एकसारखीच वाचतो. यालाही प्रारंभिक, पण मुळाक्षरांची गरज नाही.

दुसरं कार्ड 'कतब' म्हणून सुरू करतो, 'जदीदा'वर अडखळतो, मागे जातो आणि 'कुतुब' म्हणून सुधारतो. हे मागे जाणं मला हवं असतं. हा मध्यम किंवा पुढचा. पुढच्या दाराकडे पाठवा.

आधी मनात वाचून, मग एका दमात बरोबर म्हणणाराही तिकडेच.

'जदीदा'वर आणखी एक गोष्ट कळते. पुस्तकं अनेक असली तरी विशेषण स्त्रीलिंगी एकवचनी. माणसांखेरीज इतरांच्या अनेकवचनाला अरबीत हाच नियम. ज्याला तो अंगवळणी पडला नाही त्याला 'जदीदा' पुस्तकांना चिकटवताच येत नाही आणि तो 'कतब'वरच अडून बसतो. नियम मात्र विचारू नका. नियम सांगणारे पुष्कळ असतात, वापरणारे थोडे.

आडवाट

वाह. पण कीस काढायचा तर दुसरं वाक्य 'विद्यार्थ्याने एक नवी लिहिली' असंही ओढूनताणून लावता येईल. कोणीतरी व्याकरणाचा पंडित ते लावणारच.

टिपूर

@आडवाट, लावू दे. जो हे लावून भांडेल त्याला बिनधास्त प्रगत वर्गात पाठवा.

शमा

धाग्यातले ते 'खडाखड वाचणारे गृहस्थ' म्हणजे मीच समजा. लहानपणी कुराण वाचायला शिकले, तजवीदसह, म्हणजे उच्चारांच्या नियमांसकट. ऐन आणि हम्जा, सीन आणि स्वाद यांचा घोळ माझा कधी होत नाही. अर्थ मात्र येत नव्हता. चाळिशीत भाषा म्हणून शिकायला गेले तर मला प्रारंभिक वर्गात घातलं. सहा आठवडे अलिफ, बा, ता. शिक्षक फळ्यावर 'ह'चे दोन प्रकार समजावत होते आणि त्यांचा स्वतःचाच एक चुकत होता. मी मान खाली घालून बसायचे. सातव्या आठवड्यात जाणं सोडलं.

टिपूर यांच्या कार्डांवर मी नक्की "खुणा कुठायत" विचारलं असतं. म्हणजे पुन्हा प्रारंभिकच ना? 'मुळाक्षरांची गरज नाही' हे म्हणायला सोपं आहे, पण बसायचं कुठे?

टिपूर

शमाताई, मुद्दा बरोबर आहे, माझ्या उत्तरात ती फट राहिली. आमच्याकडे अशा लोकांना प्रारंभिकचीच तारीख देतो, पण तिसऱ्या आठवड्यापासूनची, मुळाक्षरं संपल्यावर. मधल्या दिवसांत घरी करायला शंभरेक शब्दांची यादी. त्यातले बरेच त्यांना पाठांतरामुळे ऐकून माहीत असतात, अर्थ जोडायचा उरतो. हे लोक पुढे सगळ्यांत वेगाने जातात असा माझा अनुभव आहे. तुमचे सहा आठवडे मात्र गेलेच.

वाळूचा किल्ला

मी दुसऱ्या जातीचा. नऊ वर्षं आखातात साइटवर काढली. परत आलो तेव्हा फॉर्मवर 'चांगलं' लिहायचो.

सुरुवातीचे दोन महिने मला वाटायचं की तिथे सगळे किती नम्र आहेत, सारखी माफी मागतात. "माफी पानी", "माफी शुगल", "माफी मुश्किला". मग कळलं, 'माफी' म्हणजे 'नाही'. पाणी नाही, काम नाही, हरकत नाही.

तर आमचं अरबी असं : अना रूह, इंता रूह, मुदीर रूह. मी जातो, तू जा, साहेब गेले, सगळं 'रूह'. नऊ वर्षं अडलं नाही. शेवटच्या वर्षी एका ऑफिसात कागद घेऊन गेलो तर तिथला कारकून मित्राला बोलावून म्हणाला, "याचं बोलणं ऐक." तेव्हा शंका आली.

रिकामटेकडा

म्हणजे प्रगत वर्गात माझ्या शेजारी बसणार तुम्ही.

टिपूर

@वाळूचा किल्ला, तुमच्यासाठीच दुसरं दार आहे. पाच मिनिटं बोलणं. आखातात देशोदेशीच्या कामगारांमध्ये जी कामचलाऊ अरबी चालते ती झरझर बोलली जाते, त्यामुळे परीक्षक फसतो. आत्मविश्वास असतो, शब्द असतात, रूपं नसतात. मी पहिल्यांदा विचारतो, "काल तुम्ही काय केलंत?" यावर काही कळत नाही. मग विचारतो, "आणि तुमच्या आईने काय केलं?" इथे 'गेलो'चं 'गेली' करावंच लागतं. 'राहत' किंवा 'धहबत' काहीही आलं तरी चालेल. पुन्हा 'रूह'च आलं की समजायचं, शब्दसंपत्ती मध्यमची पण सांगाडा प्रारंभिकचा.

आणि बोलीला चूक म्हणू नका. 'मला हवंय' याला पुस्तकात 'उरीदु'. इजिप्तचा माणूस 'आयिज' म्हणेल, सीरिया-लेबनॉनचा 'बिद्दी', आखातातला 'अब्गा', मोरोक्कोचा 'ब्गीत'. परीक्षकाला हे चारपाच शब्द माहीत हवेत, नाहीतर चांगलं बोलणारा माणूस त्याच्या अडाणीपणामुळे नापास व्हायचा.

सरळरेघ

शेवटी तोंडीवरच आलात. ३५ माणसं गुणिले आठ मिनिटं म्हणजे २८० मिनिटं. जवळजवळ पावणेपाच तास. चार जणांत हे कोण करणार? आणि सकाळी ताजेतवाने असताना घेतलेला पहिला आणि संध्याकाळी कंटाळल्यावर घेतलेला शेवटचा, यांना सारखा न्याय मिळेल?

टिपूर

थकव्याचा मुद्दा मान्य. म्हणूनच दारं. कार्डांवर थांबणारा दीड मिनिटात मोकळा होतो, आणि नवीन तुकडीत ते निम्म्याहून जास्त असतात. तुम्ही चौघं आहात, दोन-दोनच्या जोड्या करा. एक विचारेल, दुसरा लिहील. विचारणाऱ्याने निर्णय द्यायचा नाही, कारण त्याला गप्पा आवडलेल्या असतात.

तुमचा कागदी पेपर मी टाकून देत नाहीये. दोन्ही दारं पार केलेल्यांना तो द्या, मध्यम आणि प्रगत वेगळे करायला. फक्त ५० नको, २० पुरे, आणि सगळे त्या सीमेवरचे. सगळ्यांना येणारे किंवा कोणालाच न येणारे प्रश्न जागा अडवतात, सांगत काहीच नाहीत.

गोगलगाय

उर्दू येणाऱ्यांना थेट मध्यममध्ये टाका की. लिपी तीच, अर्धे शब्द तेच. आमच्या मराठीतसुद्धा किती अरबी शब्द आहेत.

आडवाट

@गोगलगाय, अर्धं खरं आहे. लिपीचा फायदा नक्की होतो, शिवाय उर्दूवाल्यांना खुणांशिवाय वाचायची सवय असते, हे शमाताईंपेक्षा वेगळं. पण शब्द दगा देतात. 'गरीब' म्हणजे अरबीत अनोळखी, विचित्र. 'शराब' म्हणजे कुठलंही पेय, सरबतसुद्धा. 'अखबार' म्हणजे बातम्या. एका उर्दूवाल्या विद्यार्थ्याने 'रजुलुन गरीब'चं भाषांतर 'एक गरीब माणूस' असं करून पुढची अख्खी गोष्ट दारिद्र्यावर नेली होती. सुसंगत होती हो, पण भलतीच.

आणि कान. उर्दूत से, सीन, स्वाद तिन्हींचा उच्चार 'स'. अरबीत 'सैफ' सीनने लिहिली की तलवार आणि स्वादने लिहिली की उन्हाळा. पाच शब्दांचं श्रुतलेखन घ्या, लगेच कळेल.

गोगलगाय

'गरीब'चं माहीत नव्हतं. माघार.

उंबरठा

मध्यम-प्रगत सीमेवर नक्की काय विचारायचं? तिथे आम्हा चौघांचंच एकमत होत नाहीये.

आडवाट

मी अनुवाद करते, त्यामुळे माझी कसोटी धंदेवाईक. वर्तमानपत्रातला ऐंशी-नव्वद शब्दांचा परिच्छेद आणि छापील शब्दकोश हातात द्यायचा. हान्स वेअरचा कोश धातूंप्रमाणे लावलेला आहे. 'इस्तिक्बाल' शोधायला माणूस अलिफ उघडतो की काफ, एवढंच बघा. (दोन ठिपक्यांचा, घशातला काफ.) ज्याला काफ-बा-लाम दिसतात तो पुढे हजारो शब्द स्वतः उलगडू शकतो. अलिफखाली शोधत बसणाऱ्याला प्रगत वर्गात रोज बुडल्यासारखं होतं.

सांजवात

हे जरा जुन्या वळणाचं वाटतं. मी पण शिकवते. आताचे विद्यार्थी फोनवर अख्खा शब्द टाकतात, कोशाची पानं उलटायची वेळच येत नाही. माझ्याकडे उत्तम बोलणारी, बातम्या ऐकून सगळं समजणारी मुलगी आहे, तिला हा कोश उघडता येत नाही. तिला तुम्ही खाली ढकलणार? मी मिनिटभराची बातमी दोनदा ऐकवते आणि ती आपल्या शब्दांत सांगायला लावते. सांगताना 'कोणी कोणाला काय केलं' हे उलटसुलट झालं की मध्यम.

आडवाट

तिला खाली नाही ढकलणार, पण ती न पाहिलेल्या शब्दापुढे काय करते ते बघेन. कोश हे निमित्त. तरी माझा आग्रह कायम.

उंबरठा

धागा वर काढतेय. रंगीत तालीम झाली.

टिपूर यांनी व्यक्तिगत निरोपातून सुचवल्याप्रमाणे नवीन लोकांवर प्रयोग न करता चाचणी आधी जुन्या विद्यार्थ्यांना, कार्डांपासून पेपरापर्यंत अख्खी दिली, ज्यांची पातळी शिक्षकांना पक्की माहीत आहे. प्रारंभिकचे ९, मध्यमचे ८, प्रगतचे ५. चाचणीने त्यांना त्यांच्या त्यांच्या वर्गात पाठवलं तर ती चालते, असा हिशोब.

कार्डांनी २२ पैकी १९ जण बरोबर ओळखले. २० प्रश्नांच्या पेपरात मात्र विचित्र झालं. सातवा प्रश्न प्रारंभिकच्या पाच जणांना आला आणि प्रगतच्या चौघांचा चुकला! आम्ही तासभर व्याकरण तपासत बसलो. प्रश्न निर्दोष. शेवटी छापील प्रत खिडकीशी धरली तेव्हा दिसलं. मराठी सूचना १२ पॉइंटात होत्या म्हणून अरबीही १२ मध्येच ठेवलेलं, वर झेरॉक्सची झेरॉक्स. एका शब्दातल्या 'ता'चे दोन ठिपके एकमेकांत मिसळून एकच झाला होता. ता, बा, सा, नून यांची शब्दातली दांडी एकसारखी, फरक फक्त ठिपक्यांचा. आमचा 'ता' झाला 'नून'. प्रगतवाल्यांनी जे छापलं होतं ते नीट वाचलं आणि चुकले. प्रारंभिकवाल्यांनी अंदाजाने ठोकलं आणि बरोबर आले. आता अरबी २० पॉइंटात आणि प्रत्येक प्रत मूळ प्रिंट.

सरळरेघ

प्रगतचा चुकतो आणि कच्च्याचा बरोबर येतो, असा प्रश्न आधी काढून टाकायचा, कारण मग शोधायचं. हे तरी माझ्याकडून घ्या. आणि बाकीचे तीन कोण, जे कार्डांनी चुकवले?

उंबरठा

एक नुसता घाबरला. एक जण पंधरा वर्षांपूर्वी शिकलेला, सगळं गंजलेलं. कार्डावर अडकला, पण दोन आठवड्यांत असा वर आला की वर्ग बदलावा लागला होता. आता नियमच केलाय : दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ज्याला वाटेल त्याने किंवा शिक्षकाने मागितलं तर वर्ग बदलायचा, कारण विचारायचं नाही.

तिसरी म्हणजे आखातातल्या त्याच बाई. आईच्या प्रश्नावर त्यांनी 'राहत' बरोबर म्हटलं, पुढे आईची अख्खी दिनचर्या सांगितली. कार्ड मात्र उलटं धरलं होतं.

वाळूचा किल्ला

मी पण कार्डं छापून घरी करून बघितली. लिपी मागच्या वर्षी शिकलोय. 'कतबत् तालिबु' इथपर्यंत ऐटीत, मग 'जदीदा' आल्यावर पाच मिनिटं गप्प. बायको म्हणाली, एवढा वेळ गप्प तू आखातातून आल्यापासून कधी नव्हतास.

शमा

@उंबरठा, तिसऱ्या आठवड्यापासून येणाऱ्यांची यादी करताय ना? माझं नाव घाला. शब्दांची यादी आधी पाठवा.

उंबरठा

घातलं. यादी उद्या व्यक्तिगत निरोपातून पाठवते.

त्या बाईंचं मात्र अडलंय, आणि नवीन ३५ मध्ये तशा आणखी दोघी आहेत असं फोनवर बोलताना वाटलं. बोलणं जवळजवळ प्रगत, वाचन शून्य. तीन माणसांसाठी चौथा वर्ग काढायला शिक्षक नाही. प्रारंभिकमध्ये बसवलं तर बोलण्याच्या तासाला बाकीचे दबून जातात, मध्यममध्ये बसवलं तर फळा वाचता येत नाही.

टिपूर

लिपीच्या तासांना प्रारंभिकमध्ये आणि बोलण्याच्या तासांना मध्यममध्ये, असं वेळापत्रक जमतंय का बघा. आमचं एकदा जमलं, एकदा दोन्ही तास एकाच वेळी आले म्हणून नाही जमलं. तुमचं वेळापत्रक इथे टाका, बघू.